जिनिंगमधली ‘वीस माणसं’: पीएफ कोणाला लागतो आणि ईएसआय का लागत नाही

कापसाचा हंगाम सुरू झाला की यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, उमरखेड या भागांतल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये माणसांची भरती सुरू होते. त्याबरोबर वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. ‘आमच्या कारखान्यात हंगामात तीस-चाळीस माणसं असतात, तरी पीएफ का नाही?’ ‘मालक म्हणतात, आमच्याकडं आठच कामगार आहेत. हे खरं आहे का?’ ‘रेच्यात बोटं गेली, पण ईएसआयचं कार्डच नाही. आता दवाखान्याचा खर्च कोण देणार?’

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दोन गोष्टींवर अवलंबून आहेत: कामावर किती माणसं आहेत आणि पगार किती आहे. जिनिंगच्या बाबतीत तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे कारखाना हंगामी आहे की नाही. या तिन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या, तर आपला हक्क कुठे आहे आणि कुठे खरोखरच नाही हे तुम्हाला स्वतः ठरवता येईल.

आधी तुमची आस्थापना कोणत्या कायद्यात बसते ते पाहा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. माणसांच्या संख्येची अट तिच्यात अशी आहे:

- भविष्य निर्वाह निधी (पीएफ): २० किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना. जुन्या १९५२ च्या कायद्यातही आकडा हाच होता.
- कर्मचारी राज्य विमा (ईएसआय): १० किंवा अधिक कामगार. हंगामी कारखाने यातून वगळलेले आहेत.
- ग्रॅच्युइटी: १० किंवा अधिक कामगार. हंगामी आस्थापनेत दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी रक्कम धरतात.

पगाराची अट वेगळी आहे. पीएफसाठी २०१४ पासून दरमहा १५,००० रुपये आणि ईएसआयसाठी २०१७ पासून २१,००० रुपये ही मर्यादा चालत आली आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून ती बदलू शकतं, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी चालू आकडा विचारून घ्या.

एक नियम पक्का लक्षात ठेवा. आस्थापनेला एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही. मागच्या हंगामात पंचवीस माणसं होती आणि या हंगामात पंधराच आहेत, एवढ्यावरून मालकाला वर्गणी बंद करता येत नाही.

वीसची मोजणी कशी होते: एक उदाहरण

बहुतेक वाद याच मोजणीवरून होतात. म्हणून एक काल्पनिक, पण रोज दिसणारं उदाहरण सविस्तर पाहू.

समजा, एका जिनिंगमध्ये दोन भागीदार आहेत. हजेरीपटावर एक दिवाणजी, दोन चौकीदार, दोन फिटर आणि प्रेसवरचे तीन जण, असे आठ लोक आहेत. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या नऊ बायका एका मुकादमानं आणलेल्या आहेत. त्यांची मजुरी व्हाउचरवर निघते आणि त्यांची नावं हजेरीपटावर नसतात. गाठी आणि सरकी हलवायला ठेकेदाराचे सहा मजूर हंगामभर येतात.

मालक म्हणतो, ‘माझे आठच.’ कायद्याच्या मोजणीत ते आठ नाहीत. दोन भागीदार हे मालक असल्यामुळे मोजणीत येत नाहीत. उरलेले आठ, नऊ आणि सहा मिळून तेवीस होतात. मुकादमाची माणसं आणि ठेकेदाराची माणसंसुद्धा त्याच कारखान्याच्या कामासाठी आहेत, म्हणून ती मोजली जातात. कायमची, रोजंदारीची, तुकड्यावर काम करणारी असा फरक इथे चालत नाही. तेवीस म्हणजे वीसच्या वर, त्यामुळे पीएफ लागू होतो.

ठेकेदाराकडे स्वतःचा पीएफ कोड असेल, तर तो त्याच्या माणसांची वर्गणी भरू शकतो. त्यानं ती भरली नाही, तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. ‘ते ठेकेदाराचे आहेत, त्याला विचारा’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही.

मोजणीत कोण येत नाही

- मालक, भागीदार आणि पगार न घेता हातभार लावणारे घरचे लोक.
- कायद्याखाली रीतसर नोंदवलेले शिकाऊ उमेदवार.
- अचानक आलेल्या अडचणीपुरते, एक-दोन दिवसांसाठी घेतलेले लोक. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ च्या टी. एस. हरिहरन प्रकरणात हे तत्त्व सांगितलं आहे. ट्रक अडकला आणि एका दिवसासाठी पाच हमाल बोलावले, तर ते पाच मोजायचे नाहीत.

मात्र हंगामभर रेच्यांवर उभ्या राहणाऱ्या बायका या ‘अचानक’ गरजेत बसत नाहीत. त्यांच्याशिवाय जिनिंग चालतच नाही. हंगामी काम आणि तात्पुरतं काम यात हा फरक आहे. तक्रार करताना तो स्पष्ट लिहा.

बाजार समितीतल्या ज्या हमालांची माथाडी मंडळात नोंद आहे, त्यांची वर्गणी मंडळामार्फत जाते. तुमची नोंद तिथे असेल, तर आधी मंडळाकडेच चौकशी करा.

एका आवारात दोन फर्म असतील तर

पुष्कळ ठिकाणी जिनिंग एका नावानं, प्रेसिंग दुसऱ्या नावानं आणि तेल घाणी तिसऱ्या नावानं असते. प्रत्येकात बारा-चौदा माणसं दाखवली जातात आणि एकही फर्म वीसपर्यंत पोहोचत नाही. फर्म वेगवेगळ्या असणं हा गुन्हा नाही. पण कायदा नावापाशी थांबत नाही. तो पुढच्या गोष्टी पाहतो:

- पैसा आणि निर्णय एकाच कुटुंबाच्या किंवा त्याच लोकांच्या हातात आहेत का?
- माणसं एका फर्ममधून दुसरीत सहज हलवली जातात का?
- एकीचं काम थांबलं तर दुसरी चालू शकते का?
- कार्यालय, दिवाणजी, वीजजोडणी, काटा हे सगळं सामाईक आहे का?

अशा खुणा जमल्या, तर सगळ्यांची मिळून एकच आस्थापना धरली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये एल. एन. गाडोदिया प्रकरणात दोन कंपन्या एकच आस्थापना मानल्या होत्या. म्हणून तक्रारीत ‘मालकानं फसवलं’ एवढंच लिहू नका. ‘सोमवारी मला जिनिंगवर ठेवलं, गुरुवारी प्रेसवर पाठवलं, मजुरी मात्र एकाच दिवाणजीनं दिली’ असं तपशिलानं लिहा. चौकशी अधिकाऱ्याला असाच मजकूर उपयोगी पडतो.

पगाराच्या अटीबद्दलचा गैरसमज

‘तुझा पगार अठरा हजार आहे, म्हणून तुला पीएफ नाही’ असं फिटर आणि ऑपरेटर यांना हमखास सांगितलं जातं. इथे तीन गोष्टी तपासा.

एक, पीएफसाठी हातात पडणारी सगळी रक्कम पाहत नाहीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता पाहतात. अठरा हजारांपैकी मूळ पगार अकरा हजार असेल, तर तुम्ही मर्यादेच्या आतच आहात. नव्या संहितेत भत्त्यांनाही मर्यादा घातली आहे. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग पगारात धरला जातो.

दोन, ही अट कामावर लागतानाच्या पगाराला आहे. चौदा हजारांवर लागलात, खातं उघडलं आणि पुढे पगार वाढला, तरी तुम्ही सभासद राहता. अशा वेळी मालक वर्गणी १५,००० च्या पगारापुरती ठेवू शकतो. खातं मात्र बंद होत नाही.

तीन, आधीच्या नोकरीतलं तुमचं पीएफ खातं चालू असेल, तर नव्या ठिकाणी जास्त पगारावर लागलात तरी तुम्ही वगळलेले ठरत नाही. म्हणून नव्या मालकाला जुना यूएएन क्रमांक पहिल्याच दिवशी द्या.

जिनिंगला ईएसआय का नाही

कामगारांना सर्वांत अन्यायकारक वाटणारी ही गोष्ट आहे. त्यांच्याच बाजूच्या लहान कारखान्यात बारा माणसं असतात आणि त्यांच्याकडे विमा कार्ड असतं. जिनिंगमध्ये साठ माणसं असूनही एकाकडेही कार्ड नसतं.

याचं कारण कायद्यातल्या ‘हंगामी कारखाना’ या व्याख्येत आहे. कापसाची सरकी काढणं आणि कापूस दाबून गाठी करणं ही कामं त्या व्याख्येत नावानिशी आहेत. त्यांच्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडणं, साखर आणि गूळ, चहा, कॉफी, रबर, लाख, नीळ यांचंही नाव आहे. जो कारखाना केवळ हीच कामं करतो, त्याला माणसं कितीही असली तरी ईएसआय लागत नाही. १९४८ च्या कायद्यातही हे होतं आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. जिनिंगमध्ये यंत्रं आहेत, धूळ आहे, अपघात होतात. तरीही हा कामगार विम्याच्या बाहेर राहतो, आणि ही उणीव कायद्याचीच आहे.

‘केवळ’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. त्याच आस्थापनेत जिनिंगशी निगडित नसलेला वेगळा उद्योग चालत असेल, तर ती पूर्णपणे हंगामी राहते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. अशा वेळी ईएसआय विभागाकडे लेखी विचारणा करा आणि तोंडी उत्तरावर थांबू नका.

अपघात झाला तर काय

ईएसआय नाही म्हणजे भरपाईच नाही, असं समजू नका. ज्याला ईएसआय लागत नाही, त्या कामगाराची अपघाताची भरपाई थेट मालकानं द्यायची असते. १९२३ पासूनची ही तरतूद संहितेतही आहे. कारखान्याच्या आवारात उत्पादनाचं काम करणाऱ्या मजुराला ती मिळते, आणि तिथे दहा किंवा वीस माणसांची अट नाही.

रक्कम किती असते ते पाहा. समजा, दरमहा १२,००० रुपये मजुरी असलेल्या तीस वर्षांच्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला. पगाराचे निम्मे म्हणजे ६,००० रुपये. तीस वर्षांच्या वयासाठी ठरलेला गुणक २०७.९८ आहे. दोन्हींचा गुणाकार १२,४७,८८० रुपये होतो. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर निम्म्याऐवजी पगाराचे साठ टक्के धरतात. अंशतः अपंगत्वात, म्हणजे बोट किंवा हात गेल्यास, कायद्याच्या तक्त्यातल्या टक्केवारीप्रमाणे रक्कम मिळते.

अपघात झाल्यावर हे करा:

- सरकारी दवाखान्यात नोंद करताना ‘कामावर, यंत्रावर लागलं’ असंच लिहून घ्या. ‘घरी पडलो’ असं सांगायला कोणी आग्रह धरला तरी तसं सांगू नका.
- मालकाला लेखी सूचना द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.
- त्या दिवशी कामावर असलेल्या सोबत्यांची नावं आणि फोन नंबर लगेच लिहून ठेवा. हंगाम संपला की परगावचे मजूर निघून जातात आणि नंतर साक्षीला कोणी सापडत नाही.
- ठरावीक रक्कम घेऊन कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्प पेपरवर सही करू नका.
- दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा.

पीएफ लागू झाला तर तुमचं काय होतं

१२,००० रुपये पगारावर तुमच्याकडून बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. मालकानंही स्वतःच्या खिशातून तेवढेच भरायचे असतात. मालकाच्या १,४४० मधले सुमारे १,००० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ४४० तुमच्या खात्यात जातात. म्हणजे खात्यात दरमहा १,८८० रुपये साठतात. पाच महिन्यांच्या हंगामात ही रक्कम ९,४०० रुपये होते. मालकाचा हिस्सा तुमच्या मजुरीतून कापला, तर ते बेकायदेशीर आहे.

यातली मोठी गोष्ट पेन्शनची आहे आणि ती फार थोड्या कामगारांना माहीत असते. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत हंगामी कामगारासाठी खास तरतूद आहे. वर्षातून काही महिनेच काम केलं असलं, तरी ते एक पूर्ण वर्ष धरलं जातं. म्हणजे जिनिंगचे दहा हंगाम ही दहा वर्षांची सेवा होऊ शकते. १२,००० च्या सरासरी पगाराला सेवेच्या दहा वर्षांनी गुणून सत्तरने भागलं, की येणारं पेन्शन साधारण १,७१४ रुपये दरमहा होतं. ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मिळतं.

हा हक्क दोन चुकांमुळे बुडतो:

- दर हंगामाला नवा यूएएन काढणं. मुकादम नवा नंबर काढतो आणि सेवा तुकड्या-तुकड्यांनी विखुरते. एकच नंबर वापरा. जास्त झाले असतील, तर जुनी खाती चालू खात्यात वर्ग करून घ्या.
- हंगाम संपला की पेन्शनचे पैसे काढून घेणं. ते काढले की त्या काळाची सेवा संपते. खात्यातली बचत आणि पेन्शनची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज पडली तर बचतीतून उचला, पेन्शनला हात लावू नका. काम सुटलंच तर योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवा. पुढच्या नोकरीत त्या काळाची सेवा जोडता येते.

तुमची आस्थापना नोंदलेली आहे का, ते कसं पाहाल

`epfindia.gov.in` या संकेतस्थळावर `Establishment Search` ही सोय आहे. आस्थापनेचं नाव किंवा कोड टाकला की नोंद आणि ती कोणत्या पीएफ कार्यालयाकडे आहे हे दिसतं. भरणा किती महिन्यांचा आणि किती कामगारांचा झाला हेही पाहता येतं. हजेरीला चाळीस माणसं आणि भरणा आठ जणांचा, असं दिसलं तर तिथेच तुमच्या तक्रारीचा मुख्य मुद्दा मिळाला.

सायबर कॅफेवर कोणाला विचारायचं नसेल, तर ‘निधी आपके निकट’ शिबिराला जा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत पीएफ कार्यालयाचे अधिकारी बसतात आणि कामगारांच्या तक्रारी ऐकतात.

तक्रार कशी लिहाल

१. आस्थापनेचं नाव, पत्ता आणि मालकाचं नाव लिहा. एकापेक्षा जास्त फर्म असतील, तर सगळ्या लिहा.

२. हंगामाची सुरुवात आणि शेवट, कामाची जागा आणि मजुरीचा दर लिहा.

३. तुमच्यासोबत कोण कोण होतं, मुकादम कोण आणि ठेकेदार कोण, ते लिहा. संख्या अंदाजे नको, विभागवार द्या: रेच्यावर नऊ, प्रेसवर तीन अशी.

४. हाती असेल तो पुरावा जोडा. मजुरीची पावती, बँकेत आलेली रक्कम, गेटपास, मोबाइलमधले फोटो, मुकादमाच्या वहीचं पान, काहीही चालेल.

५. तक्रार `epfigms.gov.in` वर नोंदवा किंवा पीएफ आयुक्तांच्या नावे पोस्टानं पाठवा. तक्रार क्रमांक किंवा पोच जपून ठेवा.

यानंतर चौकशी होऊ शकते. कायदा लागू आहे का आणि किती रक्कम थकली, हे आयुक्त ठरवतात. थकबाकीवर मालकाला व्याज आणि दंडही भरावा लागतो. नव्या संहितेत अशी चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मुदत आहे, म्हणून जुने हंगाम मागे पडू देऊ नका.

खरोखरच बाहेर असाल तर

सगळं मोजूनही माणसं वीस भरत नसतील, तर मालकावर पीएफची सक्ती नाही. मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल, तर मात्र स्वेच्छेनं नोंदणी करता येते. मालक चांगला असेल, तर हा पर्याय त्याच्यापुढे जरूर ठेवा. पतसंस्था आणि इतर सहकारी संस्थांना आणखी एक सूट आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील आणि विजेच्या वापराशिवाय काम चालत असेल, तर त्यांना पीएफ लागत नाही.

मालक तयारच नसेल, तर ई-श्रम नोंदणी करून घ्या. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण देते. अठरा ते चाळीस वयाच्या व्यक्तीला अटल पेन्शन योजनेत खातं उघडता येतं. हे पर्याय पीएफची आणि ईएसआयची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यात मालकाचा एक रुपयाही येत नाही. तरीही वीसच्या आत काम करणाऱ्या माणसाजवळ आज तेवढाच आधार आहे.

पुढच्या हंगामात कामावर लागाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन कामं करा. आपला यूएएन दिवाणजीला लेखी द्या, आणि आपल्याबरोबर कामावर असणाऱ्यांची यादी तारखेसह वहीत उतरवून ठेवा. पुढे वाद झालाच, तर वीसची मोजणी त्या वहीवरून सिद्ध होईल.